पोरांची फी, आईबाबांचं आजारपण आणि मधल्या पिढीची वही

चाळिशीतल्या घरात महिन्याचा हिशोब बहुतेक वेळा जुळतो. हप्ता जातो, शाळेची फी जाते, किराणा होतो, गावी आईबाबांना ठरलेले पैसे जातात. त्यामुळे आपलं नीट चाललंय असं वाटत राहतं. हा हिशोब मोडतो तो महिन्याच्या खर्चाने नाही. तो मोडतो एका आजारपणाने, आणि त्यातही दवाखान्याच्या बिलाइतकाच, डिस्चार्ज मिळाल्यानंतरच्या तीन महिन्यांनी. म्हणून आईवडिलांचा खर्च वहीत मांडताना सुरुवात त्या तीन महिन्यांपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक घर समोर ठेवू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपले घाला. पुण्यात सिंहगड रोडला राहणारं जोडपं, तो 44 वर्षांचा, ती 41 ची. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1,45,000 रुपये. मुलगा दहावीत, मुलगी पाचवीत. घराचा हप्ता 38,000, मुलांची फी आणि क्लास सरासरीने 18,000, घरखर्च 42,000, स्वतःचा विमा आणि गुंतवणूक 20,000. उरतात 27,000. त्याचे आईवडील कराडला स्वतःच्या घरात राहतात. वडील 74, आई 69. वडील खासगी नोकरीतून निवृत्त झालेले, पीएफची पेन्शन अडीच-तीन हजार. तिची आई नाशिकला एकटी राहते, 68 वर्षांची, तिला 14,000 कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं.

या घरात विचारलं की कराडला किती लागतात, तर उत्तर येतं, 'महिन्याला बारा हजार पाठवतो.' हे खरं असतं, पण निम्मंच. बारा हजार ही फक्त बँकेतून दरमहा जाणारी रक्कम. वर्षभरात एकेकदा येणारे खर्च यात धरलेले नसतात, कारण ते आले तेव्हा क्रेडिट कार्डावर गेले किंवा बोनसमधून भागले. मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट काढून बसलं की ते दिसतात: आईवडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता 48,000, साखर-क्रिएटिनिनच्या तपासण्या आणि डॉक्टरांच्या फेऱ्या 12,000, दातांची कवळी आणि चष्मे 20,000, घरपट्टी आणि गळकी गच्ची 15,000, स्वतःचं येणं-जाणं 25,000. बेरीज 1,20,000. म्हणजे महिन्याला आणखी दहा हजार. कराडचा खरा खर्च 22,000 आहे आणि बारा हजार पाठवून उरतात असं वाटणारे 15,000 नसून 5,000 आहेत. हा आकडा एकदा नवरा-बायको दोघांनीही पाहिला पाहिजे, कारण नवा फोन, सहल, मोठी गाडी हे सगळे निर्णय 15,000 शिल्लक आहेत अशा समजुतीवर होत असतात.

विम्याच्या हप्त्याची ओळ वहीत स्थिर धरू नये. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी, म्हणजे आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते, असा आदेश जानेवारी 2025 मध्ये आला. ही चांगली गोष्ट आहे. पण दहा टक्केही लहान नाहीत. आजचे 48,000 दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढले तर सहा वर्षांनी 85,000 होतात. वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, त्यामुळे एक वर्ष हप्ता कमी झाल्यासारखा दिसला असेल. त्यावर विसंबून पुढचं गणित मांडू नका.

आता आजारपण. या वयात हमखास येणारं एक उदाहरण घेऊ: आई न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया करून सांध्याचा गोळा बदलावा लागतो. पाच दिवस रुग्णालय. पॉलिसी चार लाखांची आहे, त्यामुळे बिलाची चिंता नाही असं सगळे धरून चालतात. पॉलिसीत मात्र दोन ओळी असतात ज्या घेताना कुणी वाचलेल्या नसतात. एक, खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत, म्हणजे दिवसाला 4,000. दोन, 20 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा आपला.

रुग्णालयात पोचल्यावर काउंटरवरचा माणूस विचारतो, 'जनरल, शेअरिंग की सिंगल?' आई वेदनेने कण्हत असते, मुलगा पुण्याहून धावत आलेला असतो, तो म्हणतो सिंगल द्या. सिंगलचं भाडं 8,000. मनात हिशोब असा की जास्तीचे चार हजार गुणिले पाच दिवस, वीस हजार आपण घालू, आईपेक्षा जास्त आहेत का? प्रेमापोटी घेतलेला निर्णय आहे, आणि नेमका इथेच मोठा फटका बसतो.

बिल येतं 3,10,000. त्यात खोली 40,000, सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह आणि नर्सिंग मिळून 1,40,000, इम्प्लांट 70,000, औषधं आणि तपासण्या 45,000, हातमोजे, डायपर वगैरे विम्यात न बसणाऱ्या वस्तू 15,000. मर्यादेच्या दुप्पट भाड्याची खोली घेतली म्हणून कंपनी खोलीचे निम्मे, 20,000 देते. पण ती तिथे थांबत नाही. सर्जन, भूल, शस्त्रक्रियागृह, नर्सिंग यांचे दरही खोलीच्या वर्गाप्रमाणे बदलतात, म्हणून त्याच प्रमाणात तेही कापले जातात: 1,40,000 चे 70,000. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्या या कपातीतून सुटतात. बेरीज होते 2,05,000. त्यातून 20 टक्के को-पे गेला की कंपनी देते 1,64,000. घरून जातात 1,46,000.

तीच आई 4,000 च्या खोलीत राहिली असती तर? बाकीचे दर तेवढेच धरले तरी बिल 2,90,000, मंजूर 2,75,000, को-पे वजा जाता कंपनीचे 2,20,000 आणि घरचे 70,000. म्हणजे वीस हजारांच्या आरामाची किंमत 76,000 पडली. आणि प्रत्यक्षात खालच्या वर्गात बाकीचे दरही कमी लागतात, तेव्हा फरक याहून मोठा असतो. एक सवलत आहे: ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत तिथे कंपनीला अशी प्रमाणात कपात करता येत नाही. क्लेमच्या पत्रात कपात दिसली तर रुग्णालयाचं दरपत्रक मागून ही गोष्ट तपासून घ्यावी आणि तक्रार करावी.

म्हणून पॉलिसीची पहिली दोन पानं नव्हे, मर्यादांचा तक्ता वाचा आणि खोलीची मर्यादा फोनमध्ये आईबाबांच्या नावापुढे लिहून ठेवा. ज्याच्यावर धावत जायची वेळ येणार आहे त्या प्रत्येकाच्या फोनमध्ये. रात्री दोन वाजता पॉलिसी कुणी उघडत नाही.

मग येतो डिस्चार्ज. आई घरी येते, पण तिला उठता येत नाही. वडील 74 वर्षांचे, ते तिला उचलू शकत नाहीत. ब्यूरोकडून चोवीस तासांच्या मावशी लागतात. रोजचे 900 धरले तर पहिल्या 45 दिवसांचे 40,500. नंतर फक्त दिवसा, 600 रुपयांनी 45 दिवस, 27,000. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट, 500 रुपयांच्या 36 भेटी, 18,000. भाड्याची कॉट, कमोड खुर्ची, वॉकर, न्हाणीघरात धरायच्या दांड्या, 16,000. औषधं, एक्स-रे, तपासणीच्या फेऱ्या 12,000. आपल्या पुणे-कराड वाऱ्या 10,000. एकूण 1,23,500. दवाखान्यात घरून गेलेल्या रकमेच्या जवळपास तेवढेच. यात मुलाची किंवा सुनेची बिनपगारी रजा धरलेली नाही, आणि ती बहुतेक घरांत सुनेची असते हे वहीत लिहिलंच पाहिजे.

मावशींचा खर्च बहुतेक पॉलिसींत कुठेच बसत नाही. फिजिओथेरपी, औषधं आणि एक्स-रे मात्र बसू शकतात. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या 60 किंवा 90 दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. तो कॅशलेस नसतो, बिलं लावून मागावा लागतो, आणि बहुतेक लोक मागत नाहीत, कारण तोवर जीव थकलेला असतो. मागता यावा म्हणून तीन गोष्टी लागतात: डिस्चार्ज कार्डावर फिजिओथेरपीचा स्पष्ट सल्ला, फिजिओथेरपिस्टची भेटींच्या तारखांसह पावती, आणि प्रत्येक औषधाच्या बिलावर रुग्णाचं नाव. डिस्चार्ज घेतानाच डॉक्टरांना विनंती करून सल्ला लिहून घ्या. नंतर लिहून मिळायला फार फिरावं लागतं.

1,46,000 आणि 1,23,500 मिळून 2,69,500. म्हणजे चांगली पॉलिसी असलेल्या घरातसुद्धा एका पडण्याची किंमत पावणेतीन लाख. आईवडिलांसाठी हाताशी किती रक्कम हवी याचं उत्तर इथून मिळतं: तीन लाख. 'सहा महिन्यांचा खर्च' वगैरे जे ठोकताळे सांगितले जातात ते आपल्या नोकरीच्या भरवशासाठी असतात. ही रक्कम त्याहून वेगळी, वेगळ्या खात्यात.

महिन्याला 5,000 उरणाऱ्या घराला तीन लाख जमवायला पाच वर्षं लागतील. तेवढा वेळ नाही, हे एका साध्या तक्त्याने कळतं. कागदावर आडव्या ओळीत वर्षं लिहा, 2026 ते 2042. उभ्या ओळीत घरातलं प्रत्येक माणूस. प्रत्येकाचं त्या त्या वर्षातलं वय भरा. या घरात दिसेल की मुलगा 2028 मध्ये बारावी होतो आणि 2032 पर्यंत पदवीच्या फीची वर्षं आहेत. त्याच काळात वडील 76 चे 80 होतात आणि आई सत्तरी पार करते. मुलीची फीची वर्षं 2033 ला सुरू. घराचा हप्ता 2034 पर्यंत. आपण साठीला पोचतो 2042 मध्ये. म्हणजे खरी अडचणीची वर्षं 2028 ते 2032, आणि तयारीला हातात आहेत फक्त दोन. असा तक्ता प्रत्येक घराचा वेगळा निघतो, पण जिथे मुलाची बारावी आणि आईवडिलांची पंच्याहत्तरी एकत्र येतात ती जागा सहसा सापडतेच.

मग तीन लाख कुठून आणायचे? इथे बरीच मुलं दोन चुकीच्या दारांकडे जातात. एक म्हणजे आपला पीएफ. आजारपणासाठी तो काढता येतो, त्यामुळे तो हाताशी वाटतो. पण 44 व्या वर्षी काढलेले तीन लाख तसेच राहिले असते, आणि 8.25 टक्के दर टिकला असं धरलं, तर साठीला ते साडेदहा लाखांच्या वर गेले असते. ते काढले की पंधरा-वीस वर्षांनी आपली मुलं याच जागी येऊन बसतात. दुसरं दार वैयक्तिक कर्जाचं, आणि तो हप्ता नेमका फीच्या वर्षांत चालू राहतो.

तिसरं दार आईवडिलांच्याच पैशांचं आहे. ते ठोठावायला संकोच वाटतो, आणि तो संकोच फार महागात पडतो. कराडच्या वडिलांकडे आयुष्यभराची बचत आहे: सात लाख पतसंस्थेत, पाच लाख बँकेत, सगळ्या मुदतठेवी, व्याज मुदतीअखेर. ते त्याला हात लावत नाहीत, 'हे तुमच्यासाठीच' म्हणतात. मुलगा तिकडून पैसे घेण्याचा विचारही करत नाही, आणि दरमहा स्वतःचं बजेट ओढून बारा हजार पाठवतो. दोन्हीकडे प्रेम आहे, पण पैसा चुकीच्या जागी झोपलेला आहे.

त्यातही पतसंस्थेतल्या सात लाखांची काळजी वाटते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे 5 लाखांपर्यंत संरक्षण असतं, नागरी सहकारी बँकांतसुद्धा. पतसंस्था ही बँक नाही, तिला हे संरक्षण नाही. संचालक ओळखीचे असणं हे संरक्षण होत नाही. ठेवी मोडायची घाई नको, मोडल्यावर व्याज कमी मिळतं. पण जी पावती मुदत भरून येईल ती पुन्हा तिथेच ठेवायची नाही, एवढं ठरवून घ्यावं.

बारा लाखांतले नऊ लाख वडिलांच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जावेत, आई जोडीदार म्हणून संयुक्त खातेदार. पोस्टात किंवा बँकेत साठी पूर्ण झालेल्यांना हे खातं उघडता येतं, कमाल मर्यादा माणशी 30 लाख, मुदत पाच वर्षं, पुढे तीन वर्षांनी वाढवता येते. एप्रिल 2023 मध्ये दर 8.2 टक्के झाला. सरकार तो दर तिमाहीला ठरवतं, पण खातं उघडताना जो दर असेल तोच त्या खात्याला पाच वर्षं मिळतो. नऊ लाखांवर 8.2 टक्क्यांनी वर्षाला 73,800, म्हणजे दर तिमाहीला 18,450 वडिलांच्या बचत खात्यात जमा. महिन्याला 6,150. एक सावधगिरी: वर्षाच्या आत खातं बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल तर परत घेतात. एक ते दोन वर्षांत बंद केलं तर मुद्दलातून दीड टक्का जातो, त्यानंतर एक टक्का. म्हणून सगळे बारा लाख यात घालू नयेत.

उरलेले तीन लाख हाच तो आजारपणाचा पैसा. एकच तीन लाखांची ठेव करू नका, एकेक लाखाच्या तीन पावत्या करा, म्हणजे लागेल तेवढीच मोडेल. आणि खात्यावर मुलगा किंवा मुलगी संयुक्त हवी, व्यवहार 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या सूचनेने. निव्वळ वारसनोंद पुरत नाही. वारसाला पैसे मिळतात ते खातेदार गेल्यावर. खातेदार अतिदक्षता विभागात बेशुद्ध असेल तर वारसाच्या हातात काहीच नसतं. वडिलांच्या एकट्याच्या नावावर बारा लाख आणि मुलगा रुग्णालयाच्या डिपॉझिटसाठी मित्राकडे मागतोय, ही स्थिती फार घरांत येते आणि ती एका फॉर्मने टळते. मुदतठेवीची सूचना बचत खात्यापेक्षा वेगळी नोंदलेली असू शकते, म्हणून प्रत्येक पावती पाहा. मुदतीआधी मोडायचा अधिकार दोघांपैकी एकाला आहे का, हेही बँकेत विचारून लेखी घ्या. विस्मरणाचा आजार सुरू झाल्यावर हे काम फार अवघड होतं. साधं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेल्यावर टिकत नाही, आणि मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

हे बोलणं कसं काढायचं? 'बाबा, तुमचे किती पैसे आहेत' असं विचारलं की बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी आईचं नाव पुढे करावं: 'तुम्ही दवाखान्यात असलात तर आईला कोणती पावती कुठल्या बँकेत आहे ते कळायला हवं, एकदा लिहून ठेवू या.' पहिल्या बैठकीत फक्त यादी करायची. रक्कम हलवायचा विषय पुढच्या फेरीला. आणि बहिणीसमोर. भावाने एकट्याने वडिलांच्या पावत्या हलवल्या की पुढे त्यातून काय काय निघतं हे सांगायला नको.

बहिणीचा विषय आला आहे तर तोही नीट मांडू. या घरातली बहीण सांगलीला आहे, कराडपासून दीड-दोन तासांवर. तपासण्यांना तीच घेऊन जाते, रात्री तीच थांबते. पैसे भाऊ देतो आणि वेळ बहीण देते, आणि दोघांनाही आपणच जास्त करतो असं वाटू शकतं. बहिणीच्या येण्याजाण्याचा, डब्याचा, रिक्षाचा खर्च आईवडिलांच्या खात्यातूनच निघाला पाहिजे. तिने मागायची वाट पाहू नये, दर महिन्याला ठरलेली रक्कम जावी. आणि मोठ्या बिलाची वाटणी समसमान न करता कमाईच्या प्रमाणात करावी. तिच्या हातात पगार 40,000 आणि याच्या घरात 1,45,000 असतील तर निम्मे-निम्मे हा न्याय होत नाही.

सरकारी योजनांकडे पगारदार घरं पाहतच नाहीत. 'ती आपल्यासाठी नसते' हे मनात पक्कं असतं. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. आधारवर केवायसी होते आणि कुटुंबातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांमध्ये मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. खासगी विमा असला तरी कार्ड काढता येतं, को-पे नाही आणि जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. कराडच्या वडिलांचं आजच काढता येईल, आईचं पुढच्या वर्षी. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही 5 लाखांच्या मर्यादेपर्यंत सगळ्या कुटुंबांसाठी खुली झाली आहे. दोन्हींच्या मर्यादा आधीच समजून घ्याव्यात. भरती होऊन केलेल्या, पॅकेजमध्ये बसणाऱ्या उपचारांसाठीच त्या आहेत. महिन्याच्या गोळ्या त्यातून येत नाहीत. योजनेतलं रुग्णालय असूनही प्रत्येक विभाग नोंदलेला असेलच असं नाही. म्हणून अर्धा दिवस काढून जवळच्या दोन रुग्णालयांत योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला भेटावं आणि हाडं, हृदय, मेंदू या तीन विभागांपैकी काय काय इथे होतं ते विचारून यावं. खुब्याची शस्त्रक्रिया अशा ठिकाणी झाली तर वरचे 1,46,000 वाचतात. डिस्चार्जनंतरचे 1,23,500 मात्र तरीही लागतातच.

कंपनीच्या गटविम्यात आईवडील असतील तर चांगलंच, तिथे बहुधा पहिल्या दिवसापासून जुने आजार धरतात. पण नोकरी गेली की ते छत्र जातं, म्हणून फक्त त्याच्या भरवशावर वैयक्तिक पॉलिसी बंद करू नये. आईवडिलांचा हप्ता आपण भरत असू तर जुन्या करप्रणालीत ज्येष्ठांसाठी 50,000 पर्यंत वजावट आहे, विमा नसेल तर औषधोपचाराच्या खर्चावरही, रोखीने दिलेला नसेल तर. नव्या प्रणालीत हे नाही. आईवडिलांना आपण दिलेल्या पैशांवर त्यांना कर नाही, आणि ते गुंतवून आलेलं व्याजही त्यांचंच उत्पन्न धरलं जातं, आपल्या उत्पन्नात मिळवलं जात नाही.

आता वही परत मांडू. वडिलांना व्याजाचे 6,150 सुरू झाले की कराडला 12,000 ऐवजी सहा हजार पुरतात. उरणारी शिल्लक 5,000 वरून 11,000 वर येते. त्यातले 3,000 नाशिकच्या आईच्या नावाने बाजूला पडले पाहिजेत. तिची ओळ आज रिकामी आहे, कारण तिचं निवृत्तिवेतन तिला पुरतं. पण ती एकटी राहते, तिला उचलायला घरात दुसरं कुणी नाही, तिच्याकडे मावशी पहिल्या दिवसापासून लागतील आणि कदाचित कायमच्या. 27,000 च्या मावशी आणि 14,000 चं निवृत्तिवेतन यांतला फरक महिन्याला 13,000 आहे. सुनेच्या माहेरचा खर्च वहीत न मांडता तिच्या पगारातून परस्पर भागवायचा, ही पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे. ती अन्यायाची आहे, आणि हिशोबालाही घातक, कारण त्यामुळे घराची खरी शिल्लक कुणालाच कळत नाही. नाशिकची पॉलिसी, तिथली खोलीची मर्यादा, तिच्या खात्यावरचं संयुक्त नाव हे सगळं कराडइतक्याच बारकाईने व्हायला हवं. तिच्यासाठी पुण्यात येऊन राहणं हा पर्याय असेल तर तिसऱ्या खोलीचा प्रश्न आज बोलून घ्यावा, आणि तिचं मत पहिलं विचारावं.

राहिलेले 8,000 मुलाच्या फीसाठी. दोन वर्षांत 1,92,000, व्याज वेगळं. बऱ्याच खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत एवढ्यात पहिलं वर्ष आणि वर थोडं निघतं, चारही वर्षं निघत नाहीत. उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज घ्यावं लागेल, आणि ते घ्यायला हरकत नाही. शिक्षणासाठी कमी दराचं, शिक्षण संपल्यावर फेडायचं कर्ज मिळतं, मावशींच्या पगारासाठी तसं मिळत नाही. म्हणून रोख रक्कम म्हाताऱ्यांकडे आणि कर्ज शिक्षणाकडे, अशी वाटणी मी योग्य मानतो. हे मुलाला अकरावीतच आकड्यांसकट सांगावं: वर्षाला घरातून एवढे मिळतील, वरचे कर्जातून, आणि ते तुझ्या नावावर असेल. पंधरा-सोळाव्या वर्षी पोरांना हे नीट कळतं. आजीच्या वॉकरचा आणि आपल्या प्रवेशाचा पैसा एकाच घरातून येतो हे त्याला माहीत असेल, तर व्यवस्थापन कोट्यातल्या जागेचा आग्रह धरण्याआधी तो स्वतःच हिशोब मागेल.